बटन सेल किती दिवस टिकेल? वायरलेस सेन्सरसाठी कागदावरचा हिशेब आणि सेलचा अंतर्गत रोध

माझ्या फ्रीजमधला तापमान-आर्द्रतेचा सेन्सर तिसऱ्या आठवड्यात बंद पडला. हिशेबाने तो जवळजवळ चार वर्षं चालायला हवा होता. सेल काढून मल्टीमीटर लावला तर २.९५ व्होल्ट, म्हणजे जवळपास नवाच. तोच सेल परत बसवला, सेन्सर टेबलावर ठेवला, तर मुकाट्याने सुरू. फ्रीजमध्ये नेला की तासाभरात पुन्हा गप्प.

माझा हिशेब चुकला नव्हता, अर्धा राहिला होता. सेलमध्ये माल किती आणि सेन्सर रोज खातो किती, एवढाच भागाकार मी केला होता. तो माल सेलमधून किती जोरात बाहेर काढता येतो, हे पाहिलंच नव्हतं. माठ भरलेला असला तरी तोटीत गाळ साचला की तांब्या भरत नाही, तसंच हे. सेलचा अंतर्गत रोध म्हणजे ती गाळाने बारीक झालेली तोटी. या लेखात हिशेबाचे दोन्ही अर्धे क्रमाने करू या.

उदाहरण माझ्याच सेन्सरचं घेतो: एटमेगा३२८पी हा मायक्रोकंट्रोलर, एनआरएफ२४एल०१+ हा रेडिओ, एसआय७०२१ हा सेन्सर आणि एक सीआर२०३२ सेल. दर पाच मिनिटांनी एक नोंद पाठवायची. तुमचा रेडिओ ब्लूटूथचा असेल किंवा चिप दुसरी असेल तर आकडे बदलतील, पण पायऱ्या याच राहतील. वायफायची चिप मात्र यात बसत नाही. तिला पाठवताना शेकडो मिलिअँप लागतात आणि बटन सेल तेवढे देऊच शकत नाही.

काय काय लागेल

- मायक्रोअँपची रेंज असलेला मल्टीमीटर
- शक्यतो ऑसिलोस्कोप. नसेल तर काय करायचं ते आठव्या पायरीत आहे
- १० ओहम, १८० ओहम, १ किलोओहम आणि १५ किलोओहमचे रेझिस्टर
- एक छोटा मॉस्फेट, २.५ ते ३ व्होल्टवर पूर्ण उघडणारा
- २२० मायक्रोफॅरडचा कपॅसिटर
- चिपचे फ्यूज बदलता येतील असा प्रोग्रॅमर
- नावाजलेल्या कंपनीचे, एकाच पाकिटातले दोन-तीन सेल
- चिप, रेडिओ, सेन्सर आणि सेल या चौघांच्या डेटाशीट

१. आधी प्रत्येक भागाचं किमान व्होल्टेज लिहून काढा

हिशेबाला हात लावण्याआधी एक छोटा तक्ता करा. कोणता भाग किती व्होल्टपर्यंत चालतो, एवढंच त्यात हवं. माझ्याकडे रेडिओ आणि सेन्सर दोघेही १.९ व्होल्टपर्यंत चालतात. एटमेगाचं उत्तर क्लॉकवर अवलंबून आहे: ४ मेगाहर्ट्झला १.८ व्होल्ट पुरतात, १० मेगाहर्ट्झला २.७ लागतात, आणि मधल्या ८ मेगाहर्ट्झला साधारण २.४. म्हणजे माझ्या सर्किटची खरी सीमा २.४ व्होल्ट. सगळ्यात नाजूक भाग ठरवतो तीच सीमा.

नवखे इथे दोन ठिकाणी फसतात. पहिला फास म्हणजे डीएस१८बी२० हा सगळ्यांचा आवडता तापमान सेन्सर. त्याला किमान ३.० व्होल्ट लागतात, म्हणजे बटन सेलवर तो पहिल्या दिवसापासून काठावर असतो. दुसरा फास माझा स्वतःचा. एटमेगाच्या तयार बोर्डांवर ब्राउन-आउट रीसेट बहुधा २.७ व्होल्टवर लावलेला असतो. व्होल्टेज क्षणभर जरी त्याखाली गेलं तरी चिप रीसेट होते. चिप २.४ पर्यंत चालू शकत असेल, पण पहारेकरी २.७ लाच दार लावून घेतो. हा फ्यूज १.८ वर आणायची आज्ञा अशी:

```
avrdude -c usbasp -p m328p -U efuse:w:0xFE:m
```

प्रोग्रॅमर ५ व्होल्ट देणारा असेल तर आधी रेडिओ काढून ठेवा. त्याची कमाल मर्यादा ३.६ व्होल्ट आहे. मी एक रेडिओ असाच घालवला. याच कारणाने चार्ज होणारा एलआयआर२०३२ इथे लावू नका. आकार तोच, पण भरलेला असताना ४.२ व्होल्ट देतो.

फ्यूज १.८ वर आणला म्हणून ८ मेगाहर्ट्झची चिप २.४ च्या खाली भरवशाची होत नाही. रीसेट तेवढा थांबतो. खाली गेल्यावर ती काय करेल याची हमी कोणी देत नाही, त्यामुळे हिशेबात सीमा २.४ च धरायची.

२. झोपेतला करंट मोजा

सेन्सर ९९ टक्क्यांहून जास्त वेळ झोपलेला असतो, त्यामुळे आयुष्याचा मोठा हिस्सा इथे ठरतो. डेटाशीटप्रमाणे माझी बेरीज अशी होती: वॉचडॉग चालू ठेवून झोपलेला एटमेगा साधारण ४.२ मायक्रोअँप, बंद केलेला रेडिओ ०.९ आणि सेन्सर नगण्य. म्हणजे ५ च्या थोडं वर. मोजल्यावर ६ निघाले. एवढा फरक चालतो.

मोजण्यात एक अडचण आहे. मल्टीमीटर मायक्रोअँपच्या रेंजवर असला की त्याचा स्वतःचा रोध मधे येतो. झोपेत त्याने काही बिघडत नाही, पण सेन्सर जागा होऊन रेडिओ चालू करतो तेव्हा सगळं व्होल्टेज मीटरमध्येच पडतं आणि चिप रीसेट होते. मी सेलच्या तारेत १ किलोओहमचा रेझिस्टर घातला आणि त्याला समांतर एक साधा स्विच लावला. सेन्सर जागा होताना स्विच बंद, म्हणजे रेझिस्टरला वळसा. झोपला की स्विच उघडायचा आणि रेझिस्टरवरचे मिलिव्होल्ट वाचायचे. १ किलोओहमवर ६ मिलिव्होल्ट दिसले की ६ मायक्रोअँप. साधं सरळ.

आकडा मोठा आला तर तो काय सांगतोय ते पाहा. एक मिलिअँपच्या आसपास असेल तर बोर्डावरचा पॉवरचा एलईडी किंवा रेग्युलेटर अजून जागेवर आहे. दोन्ही काढा आणि सेल सरळ व्हीसीसीला जोडा. अपेक्षेपेक्षा साधारण २५ मायक्रोअँप जास्त दिसत असतील तर रेडिओ पूर्ण बंद न होता स्टँडबायमध्ये बसलाय, त्या अवस्थेत तो २६ खातो. प्रोग्रॅममध्ये झोपण्याआधी `radio.powerDown()` आहे का ते बघा. शे-दोनशे मायक्रोअँप दिसले तर बहुतेक एडीसी चालू राहिलाय. या रेडिओच्या नकला बाजारात भरपूर आहेत आणि काही नकला झोपेतही जास्त खातात, म्हणून डेटाशीटवर न विसंबता मोजाच.

३. एका फेरीचा खर्च मायक्रोकुलंबमध्ये मांडा

जागेपणीचा खर्च मोजायची सोपी युक्ती: मिलिअँपला मिलिसेकंदांनी गुणलं की उत्तर मायक्रोकुलंबमध्ये येतं. सेलच्या तारेत १० ओहमचा रेझिस्टर घालून स्कोपवर पाहिलं तर १५ मिलिअँपला १५० मिलिव्होल्टची उंची दिसते. एक फेरी म्हणजे पायऱ्यापायऱ्यांचा डोंगर, आणि प्रत्येक पायरीची उंची गुणिले रुंदी लिहून घ्यायची.

माझ्या पहिल्या प्रोग्रॅमचा डोंगर असा होता:

- सेन्सर वाचेपर्यंत चिप जागी: ३ मिलिअँप × २५ मिलिसेकंद = ७५
- रेडिओ तयार होईपर्यंत: ३.४ × ५ = १७
- पाठवणं आणि पोच येण्याची वाट, सरासरी तीन प्रयत्न: १० × ६ = ६०
- वॉचडॉगची झोप जास्तीत जास्त ८ सेकंदांची, म्हणून पाच मिनिटांत मधेच ३७ वेळा डोळे उघडणं: साधारण ११

एकूण १६३ मायक्रोकुलंब. हे ३०० सेकंदांत वाटले तर सरासरी ०.५४ मायक्रोअँप. झोपेच्या ६ पुढे हे काहीच नाही. रेडिओ बॅटरी खातो हे वाक्य आपण ऐकत आलोय, पण पाच मिनिटांच्या अंतराने पाठवणाऱ्या सेन्सरमध्ये झोपच जास्त खाते.

ओळीत दिलेला १० हा पाठवण्याच्या काळातला सरासरी करंट आहे. शिखर वेगळं असतं: रेडिओ पाठवताना ११.३ आणि पोच ऐकताना १२.६ मिलिअँप घेतो, त्यात चिपचे ३, म्हणजे १५ च्या आसपास. हा १५ चा आकडा बाजूला लिहून ठेवा. सरासरीत त्याला काही किंमत नाही, पण पाचव्या पायरीत सगळा खेळ त्याचाच आहे.

४. कागदावरचं आयुष्य

सीआर२०३२ वर कंपन्या साधारण २२० ते २३५ मिलिअँप-तास लिहितात. मी २२५ धरतो. हा आकडा सावकाश, म्हणजे साधारण ०.२ मिलिअँप एवढ्या हलक्या भाराने, २ व्होल्टपर्यंत सेल रिकामा करून काढलेला असतो. तुमचा सेन्सर ना तसा भार देतो, ना २ व्होल्टपर्यंत चालतो.

तरी भागाकार करून ठेवू. २,२५,००० मायक्रोअँप-तास भागिले ६.५४ म्हणजे सुमारे ३४,४०० तास, चार वर्षांना जरा कमी. सेल स्वतःहून वर्षाला साधारण एक टक्का झिजतो. त्याला मी एक कायमचा भार मानतो: २.२५ मिलिअँप-तास भागिले ८,७६० तास, म्हणजे पाव मायक्रोअँप. टक्केवारी वेगळी वजा करत बसण्यापेक्षा हा पाव सरळ झोपेच्या करंटमध्ये मिळवून टाका.

इथे थांबलेल्या हिशेबानेच मला चार वर्षं दाखवली आणि तीन आठवडे दिले.

५. अंतर्गत रोध मोजा आणि सीमेशी लावून पाहा

सेलमधून करंट ओढला की त्याचं व्होल्टेज खाली बसतं. किती बसतं ते असं:

`V = V0 - I × R`

V0 म्हणजे हलक्या भारावरचं व्होल्टेज, I म्हणजे शिखराचा करंट, R म्हणजे अंतर्गत रोध.

मोजायचं असं. १८० ओहमचा रेझिस्टर मॉस्फेटमधून सेलवर फक्त १० मिलिसेकंद जोडायचा आणि स्कोपवर आधीचं आणि झटक्याच्या शेवटचं व्होल्टेज वाचायचं. माझ्या नव्या सेलवर ३.०५ चं २.८२ झालं. करंट होता २.८२ भागिले १८०, म्हणजे १५.७ मिलिअँप. घट ०.२३ व्होल्ट. रोध साधारण १५ ओहम.

झटका १० मिलिसेकंदांचाच का? कारण सेल म्हणजे नुसता रेझिस्टर नाही. भार लावताच व्होल्टेज एकदम थोडं पडतं आणि मग आतल्या रसायनाचा वेग पुरेनासा झाला की हळूहळू आणखी घसरत राहतं. भार दोन-तीन सेकंद ठेवून मल्टीमीटरवर वाचाल तर रोध विनाकारण मोठा दिसेल. अर्धा मिलिसेकंद ठेवाल तर फसवा लहान दिसेल. तुमच्या रेडिओचा झटका जेवढा लांब, तेवढाच किंवा जरा लांब झटका द्या. दोन झटक्यांमध्ये सेलला मिनिटभर विसावा हवा.

आता उलटा हिशेब: किती रोध परवडेल? नव्या सेलचं सुरुवातीचं चढं व्होल्टेज लवकरच उतरतं आणि मग बराच काळ २.९ च्या आसपास राहतं, म्हणून V0 २.९ धरला. १५ मिलिअँपच्या शिखराला:

- सीमा २.७ (न बदललेला ब्राउन-आउट): ०.२ भागिले ०.०१५ = १३ ओहम
- सीमा २.४ (८ मेगाहर्ट्झ): ३३ ओहम
- सीमा १.९ (४ मेगाहर्ट्झवर उतरलात तर): ६६ ओहम

पहिली ओळ पुन्हा वाचा. नव्या सेलचा रोधच १५ होता. म्हणजे माझा सेन्सर सुरुवातीच्या ३ व्होल्टच्या जोरावर दिवस ढकलत होता. त्यात फ्रीजची थंडी. तापमान उतरलं की रोध चढतो, माझ्याकडे १५ चा फ्रीजमध्ये २२ झाला. तिथे नव्या सेललाही तो २.७ च्या अगदी काठावर उभा होता, आणि दोन-तीन आठवड्यांत V0 थोडा उतरताच काठावरून खाली. खोलीत रोध कमी, म्हणून टेबलावर परत जिवंत. मल्टीमीटरला यातलं काहीच दिसत नव्हतं, कारण तो भाराशिवायचं व्होल्टेज वाचत होता. दुकानात सेल तपासतानाही हेच होतं. मीटरवर ३ दिसले म्हणून सेल चांगला, असं नाही.

६. सेल जुना होत जातो तसा रोध कसा चढतो ते काढा

ही पायरी कंटाळवाणी आहे, वेळखाऊही आहे. पण एका जातीच्या सेलसाठी एकदाच करावी लागते. एका सेलवर १५ किलोओहमचा रेझिस्टर कायमचा जोडून ठेवा. दिवसाला साधारण साडेचार मिलिअँप-तास निघतात, म्हणजे दीड महिन्याच्या वर चालतं. दर चार-पाच दिवसांनी वरचा १० मिलिसेकंदांचा झटका देऊन रोध लिहून ठेवा. माझ्या एका सेलचे खोलीतले आकडे:

- नवा: १५ ओहम
- ७५ मिलिअँप-तास गेल्यावर: १९
- १३०: २६
- १६५: ३५
- १९०: ५२
- २०५: ८०

चढ सुरुवातीला सौम्य आहे आणि शेवटी उभा कडा. तुमच्या सेलचे आकडे वेगळे येतील. स्वस्त, बिननावाच्या सेलमध्ये तर एकाच पाकिटातल्या दोघांत फरक निघतो. म्हणून हे आकडे उसने घेऊ नका, चढाची ढब तेवढी लक्षात ठेवा.

फ्रीजसाठी मी सगळे रोध दीडपट धरले, कारण नव्या सेलवर तेवढाच फरक दिसला होता. सेलचा V0 पुढे थोडा उतरतो म्हणून परवडणारा रोध ३३ ऐवजी ३० धरू. फ्रीजमधले ३० म्हणजे खोलीतले २०. तक्त्यात २० ओहम सुमारे ८० मिलिअँप-तासांवर येतात. म्हणजे ब्राउन-आउट सुधारूनही २२५ पैकी ८०च माझ्या कामाचे! बाकीचे सेलमध्ये शिल्लक असताना सेन्सर बंद पडणार. आयुष्य: ८०,००० भागिले ६.८, सुमारे ११,८०० तास. सव्वा वर्षाच्या थोडं वर.

७. कपॅसिटरने झटका मऊ करा

सेलला समांतर कपॅसिटर लावला की ६ मिलिसेकंदांचा झटका मुख्यतः तो सोसतो, आणि सेल त्याला नंतर सावकाश भरतो. घट किती होईल याचं सूत्र:

`dV = I × R × (1 - e^(-t / (R × C)))`

इथे I सरासरीचा, म्हणजे १० मिलिअँप घ्यायचा, कारण शिखरं कपॅसिटर गिळतो. जुना सेल घेऊ: खोलीत ५२ ओहम, फ्रीजमध्ये सुमारे ८०. कपॅसिटर २२० मायक्रोफॅरड. R गुणिले C म्हणजे १७.६ मिलिसेकंद. झटका ६ मिलिसेकंदांचा, म्हणून कंसातली किंमत ०.२९. उत्तर: ०.८ × ०.२९ = ०.२३ व्होल्ट. कपॅसिटर नसता तर १५ मिलिअँपला हीच घट १.२ व्होल्ट झाली असती. त्या वयात V0 २.८ धरला तरी झटक्याच्या तळाशी २.५७ उरतात, २.४ च्या वर.

पण एक अट आहे. झटका सुरू होताना कपॅसिटर भरलेला हवा. माझ्या जुन्या प्रोग्रॅममध्ये सेन्सर वाचायला चिप २५ मिलिसेकंद जागी बसायची आणि लगेच रेडिओ चालू करायची. त्या ३ मिलिअँपने कपॅसिटर आधीच ०.१८ व्होल्टने रिता व्हायचा. म्हणून सेन्सरला काम सांगून चिपला वॉचडॉगच्या ३२ मिलिसेकंदांच्या झोपेत पाठवलं. वाचून झाल्यावर पुन्हा एक छोटी डुलकी आणि मगच रेडिओ. यात ७५ मायक्रोकुलंबांचे १२ झाले, फेरीचा खर्च १०० वर आला आणि सरासरी ०.३३ मायक्रोअँप झाली. बचत किरकोळ आहे. खरा फायदा कपॅसिटर भरलेला मिळण्याचा.

कपॅसिटर फुकट नसतो, तो गळतो. साधा इलेक्ट्रोलिटिक नवा असताना बराच गळतो आणि व्होल्टेजवर राहिला की तासातासाने सुधारतो. लावल्या लावल्या मोजाल तर घाबराल. दिवसभर ३ व्होल्टवर ठेवून मग मोजा. माझा २ मायक्रोअँपवर स्थिरावला. सिरॅमिक फार कमी गळतो, पण त्याची दुसरीच खोड आहे: व्होल्टेज लावलं की छोट्या आकाराच्या सिरॅमिकची क्षमता घटते. वर १०० लिहिलेलं असतं आणि ३ व्होल्टवर त्यातलं निम्मंही उरत नाही असं होतं. तो वापरणार असाल तर डेटाशीटमधला व्होल्टेजचा आलेख बघून संख्या वाढवा. जागा आणि पैसे असतील तर मी सिरॅमिकच सुचवेन.

आता पूर्ण हिशेब. झोप ६, फेऱ्या ०.३३, स्वतःची झीज ०.२५, कपॅसिटरची गळती २. बेरीज ८.६ मायक्रोअँप. वापरता येणारे १९० मिलिअँप-तास. भागाकार सुमारे २२,१०० तास, म्हणजे अडीच वर्षं. गंमत पाहा: सरासरी करंट ६.८ वरून ८.६ वर गेला आणि आयुष्य जवळजवळ दुप्पट झालं. नुसती सरासरी बघणारा माणूस हा कपॅसिटर काढून टाकेल.

कपॅसिटर याहून मोठा घ्यावा का? ४७० लावला तर घट आणखी कमी होईल, पण इलेक्ट्रोलिटिकची गळतीही त्याच्या आकाराबरोबर वाढते, आणि माझ्याकडे ०.१७ व्होल्ट आधीच हाताशी आहेत. मी २२० वर थांबलो.

८. सेन्सरकडूनच भारावरचं व्होल्टेज मागवा

स्कोप नसेल तर हीच तुमची मोजपट्टी, आणि असला तरी हे कराच. एटमेगा आपल्या आतल्या १.१ व्होल्टच्या संदर्भाशी तुलना करून स्वतःचं व्होल्टेज सांगू शकतो. बहुतेक जण ते जागं झाल्या झाल्या वाचतात, तेव्हा भार नसतो आणि आकडा शेवटपर्यंत छान दिसतो. वाचायचं ते रेडिओ हवेत बोलत असताना.

```
// संदर्भ स्थिरावायला पाठवण्याच्या 2 ms आधी
ADMUX = _BV(REFS0) | _BV(MUX3) | _BV(MUX2) | _BV(MUX1);
delay(2);

radio.startFastWrite(&p, sizeof(p), false);
delayMicroseconds(500);
ADCSRA |= _BV(ADSC);
while (ADCSRA & _BV(ADSC));
uint16_t mv = 1125300L / ADC;
radio.txStandBy();
```

एडीसी झोपेआधी बंद केला असेल तर आधी तो चालू करायला विसरू नका. हा `mv` पुढच्या फेरीत पाठवा, सोबत भार नसतानाचाही पाठवा. दोघांमधला फरक म्हणजे तुमच्या सेलच्या रोधाचं जिवंत चित्र. आतला संदर्भ प्रत्येक चिपमध्ये १.० ते १.२ व्होल्टच्या मधे कुठेही असू शकतो, म्हणून मल्टीमीटरने एकदा खरं व्होल्टेज मोजून 1125300 हा आकडा त्या प्रमाणात बदला. हे न करता दोन सेन्सरांची तुलना केलीत तर निरोगी सेन्सरचा सेल बदलून बसाल.

फेऱ्यांचा मोजणीअंकही पाठवा. तो अधूनमधून शून्यावर येत असेल तर चिप रीसेट होतेय. रीसेटचं कारण `MCUSR` मधल्या `BORF` या बिटमध्ये असतं, पण काही बूटलोडर ते आधीच पुसतात, तेव्हा बिट कोरा दिसला म्हणून निर्धास्त राहू नका. रीसेट झाल्यावर `setup()` मध्ये लगेच रेडिओने काही पाठवायची सवय असेल तर ती मोडा. थकलेला सेल त्या झटक्याने पुन्हा बसतो, पुन्हा रीसेट, पुन्हा झटका, आणि उरलेला माल एका रात्रीत जातो. सुरुवातीला निदान आठ सेकंद झोप घाला.

९. सेल कधी बदलायचा

माझा रिसीव्हर भारावरचं व्होल्टेज २.५ च्या खाली गेलं की फोनवर निरोप पाठवतो. एकट्या वाचनावर नाही, सलग दहा वाचनांवर. फ्रीजचं दार उघडं राहिलं की आकडा थोडा चढतो आणि रात्रभर ते बंद राहिलं की उतरतो, म्हणून तुलना पहाटेच्या आकड्यांची करतो. २.५ च्या पुढे रोधाचा उभा कडा सुरू असतो, त्यामुळे निरोप आला की महिनाभरही वाट पाहायची नाही.

बदललेला सेल लगेच फेकू नका. त्यात तीसेक मिलिअँप-तास असतात आणि रेडिओ नसलेलं स्वयंपाकघरातलं छोटं घड्याळ त्यावर बरेच महिने चालतं, कारण त्याला असा झटका लागतच नाही. घरात लहान मूल असेल तर मात्र जुने सेल उघड्यावर ठेवू नका. गिळलेला बटन सेल थकलेला असला तरी अन्ननलिका जाळतो, आणि असं झाल्याची नुसती शंका आली तरी थेट दवाखाना गाठावा लागतो. माझ्या सेन्सरचं झाकण याच कारणासाठी स्क्रूचं आहे.